पहिला खर्डा पाठवताना क्लायंटला नेमकं काय विचारायचं?

प्रश्न: "मी दोन वर्षांपासून आत्मचरित्रांच्या शब्दांकनाची कामं घेतोय. पहिला खर्डा पाठवताना खाली 'वाचून अभिप्राय कळवा' असं लिहितो. मग एक तर 'छान झालंय' एवढंच येतं, नाहीतर महिनाभर काहीच येत नाही, आणि पुस्तकाची पानं लावून झाल्यावर मोठाले बदल सांगतात. दोन-तीन नेमके प्रश्न विचारावेत असं ऐकलंय. पण कोणते, आणि कसे?"

आधी तो 'अभिप्राय' शब्द काढून टाका. आपल्याकडे अभिप्राय चित्रप्रदर्शनाच्या दारातल्या वहीत लिहितात, आणि तिथे तो चांगलाच लिहायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही अभिप्राय मागितलात की समोरचा माणूस ती वही उघडतो. "छान झालंय, तुमच्या लेखणीला सलाम" वगैरे. त्यात त्याची लबाडी नसते, सभ्यता असते.

त्यातून शब्दांकनाचा क्लायंट कोण असतो ते बघा. साठी-सत्तरीतला माणूस. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची गोष्ट छापल्यासारखी समोर आलेली. पहिल्या वाचनात तो एक तर गहिवरलेला असतो, नाहीतर संकोचलेला. तुमचं लेखन तपासायच्या मनःस्थितीत तो नसतोच. आणि तुम्ही 'लेखक' असल्यामुळे "तुम्हाला कळतं, तुम्ही म्हणाल तसं" हे वाक्य त्याच्या तोंडात तयार असतं. ते वाक्य ऐकून मीही पहिली काही वर्षं खूश व्हायचे.

मग एकदा चांगला फटका बसला. एका निवृत्त शिक्षकांच्या पुस्तकाचा सगळा खर्डा मी एकदम पाठवला, आणि खाली लिहिलं, "काही बदल असतील तर कळवा." त्यांनी तो भाच्याला वाचायला दिला. भाच्याने लाल पेनने शुद्धलेखन तपासून दिलं. पान न् पान लाल. माझ्या काही ऱ्हस्व-दीर्घांच्या चुका होत्या, काही त्याच्या. मी सगळं मुकाट दुरुस्त केलं आणि समजले, झालं काम. पानं लागली, अनुक्रमणिका झाली, दुसरं प्रूफ गेलं, आणि मग रात्री साडेनऊला फोन: "ते वाटणीचं प्रकरण काढावं लागेल. धाकट्या भावाला कळलंय." ते प्रकरण चौदा पानांचं होतं आणि पुढच्या चार प्रकरणांत त्याचे संदर्भ होते. मांडणीवाल्याने पुन्हा पैसे घेतले ते माझ्या खिशातून गेले, कारण करारात तसं काही लिहिलंच नव्हतं. पण खरी चूक करारातली नव्हतीच. "या पुस्तकातल्या कुणाला वाईट वाटू शकतं?" हा एक प्रश्न मी पहिल्या खर्ड्याबरोबर विचारला असता, तर ते प्रकरण वेगळ्या तऱ्हेनं लिहिलं गेलं असतं, किंवा लिहिलंच गेलं नसतं.

तर प्रश्न कोणते, हे खर्डा लिहितानाच ठरत जातं. पाठवायच्या दिवशी बसून सुचणारे प्रश्न गुळगुळीत असतात. मी लिहिताना जिथे जिथे अडते तिथे समासात एक फुली मारते आणि शंका दोन-चार शब्दांत लिहून ठेवते. खर्डा संपला की त्या फुल्या एका कागदावर उतरवून तीन ढीग करते. जे मी स्वतः शोधून काढू शकते ते एका बाजूला. जे ठरवण्यासाठी मला पैसे मिळतात, म्हणजे प्रकरण कुठे तोडायचं, कुठला प्रसंग किती लांबवायचा, ते दुसऱ्या बाजूला. उरतं ते जे फक्त त्या माणसालाच ठाऊक आहे. प्रश्न या तिसऱ्या ढिगातूनच काढायचे, आणि तेही ज्यांच्या उत्तरानं पुढची बरीच पानं बदलतील असेच.

एक काम उलगडून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. लोखंड-सिमेंटचं दुकान चालवून आता मुलाच्या हाती दिलेले गृहस्थ, वय सहासष्ट. त्यांना मी काका म्हणायचे. पुस्तक करून घेणारा, म्हणजे पैसे देणारा, त्यांचा मुलगा. दीड-दीड तासाच्या अकरा बैठका झाल्या, सगळं ध्वनिमुद्रित. पुस्तक धरलं होतं दहा फर्म्यांचं, म्हणजे १६० पानांचं. पहिला खर्डा म्हणून मी तीनच प्रकरणं पाठवली, ३४ पानं. हे माझं आता ठरलेलंच आहे: पहिला खर्डा पुस्तकाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढाच. सगळं पुस्तक हातात दिलं की माणसाला वाटतं, आता झालंच आहे, कशाला उगाच मोडतोड. आणि चूक असलीच तर ती १६० पानांत पसरलेली असते.

या ३४ पानांत माझ्या २३ फुल्या होत्या. त्यातल्या नऊ मी तपासू शकत होते. उदाहरणार्थ, १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल ज्वारीला काका कधी 'मिलो' म्हणत, कधी 'अमेरिकन'. ती दोन धान्यं की एकच, हे त्यांना विचारायची गरज नाही. एकच. अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी. तसंच, दुष्काळी कामाला ते बोलताना 'रोजगार हमी' म्हणत, पण रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे. गावागावांत त्या आधीच्या कामांनाही आता तेच नाव पडलंय. त्याला 'दुष्काळी काम' म्हणायचं की त्यांच्या तोंडचा शब्द ठेवून तळटीप द्यायची, हा निर्णय माझा. असे माझे निर्णय आठ निघाले. उरले सहा प्रश्न. त्यातले तीन बारीक होते: बहिणीचं लग्न आधी की विहीर आधी, पहिल्या ट्रकचा रंग, आजोळच्या गावाचं नाव. ते मी खर्डा पाठवायच्या आधीच फोनवर मिटवले. बारीक प्रश्न मोठ्या प्रश्नांच्या पंक्तीला बसवले की माणूस बारकीच उत्तरं देतो. मी एकदा हौसेनं अकरा प्रश्न पाठवले होते, उत्तरं चारांची आली, आणि चारही सनावळ्यांची. अवघड प्रश्न अर्थातच तसेच राहिले. तेव्हापासून तीन ही माझी मर्यादा आहे.

काकांना गेलेलं पत्र हे होतं. व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर, खर्ड्याच्या वर टाचलेलं:

"काका, नमस्कार. सोबत पहिली तीन प्रकरणं आहेत. हा कच्चा खर्डा आहे, शुद्धलेखन शेवटी बघायचं आहे, त्यामुळे ते कुणाकडून तपासून घेऊ नका. एकदा सलग वाचा. मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचताना तीन गोष्टी सांगा.

एक. जिथे 'मी असं बोलत नाही' असं वाटेल, त्या ओळीशेजारी नागमोडी रेघ मारा. कारण लिहू नका.

दोन. या पानांत सतरा माणसांची नावं आली आहेत, यादी मागच्या पानावर आहे. प्रत्येकासमोर खूण करा: नाव राहू द्या, नाव बदला, की छापण्याआधी त्यांना दाखवा.

तीन. पुस्तक सध्या दुष्काळी कामावरच्या सकाळी उघडतं. दुसरी एक सुरुवात होऊ शकते, १९८६ साली दुकानाचं शटर पहिल्यांदा वर गेलं तो दिवस. त्याचंही अर्धं पान सोबत आहे. दोन्ही वाचा आणि सांगा, नातवानं पुस्तक उघडल्यावर त्याला आधी कोण भेटावं, तो मुलगा की तो दुकानदार?

गुरुवारी रात्री दुकान बंद झाल्यावर, साडेआठला, मी फोन करते."

या पत्रातल्या काही गोष्टींवर जरा थांबते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

तिन्ही प्रश्नांत 'कसं' हा शब्द नाही. 'कुठे', 'कोण', 'यातलं कोणतं' एवढंच आहे. 'कसं वाटलं' विचारलं की माणसाला मत द्यावं लागतं, आणि मत म्हणजे तुमच्या कामावर बोलणं. 'कुठे' विचारलं की फक्त बोट ठेवायचं असतं. भिडस्त माणूसही बोट ठेवतो. "भाषा जमली आहे का?" याला फक्त 'हो' म्हणता येतं. नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, निदान माझ्या तोंडावर तरी. पण नागमोडी रेघ मारायला कुणाला संकोच वाटत नाही. कारण लिहू नका, असं मुद्दाम लिहिलं, कारण 'कारण सांगा' म्हटलं की रेघा निम्म्या होतात. कारण शोधायचं काम माझं.

शुद्धलेखनाचं वाक्य भाच्याच्या लाल पेनातून आलेलं आहे, हे सांगायला नकोच.

खर्डा १६ पॉइंटात छापला होता, दोन ओळींत पेन्सिल चालेल एवढं अंतर सोडून, आणि कुरिअरच्या पाकिटात एक तासलेली पेन्सिल घातली होती. पेन्सिलीचं हसू येईल, पण पेननं लोक लिहीत नाहीत. छापील कागदावर पेन चालवणं म्हणजे काहीतरी बिघडवणं, असं या पिढीला वाटतं. पेन्सिल खोडता येते, म्हणून ती चालते. पीडीएफ मोबाइलवर पाठवली तर वाचतात अंगठ्यानं, वर-खाली सरकवत, आणि लक्षात राहतं पहिलं आणि शेवटचं पान.

गुरुवारच्या फोनवर आधी बराच वेळ पावसाचं आणि सळईच्या भावाचं झालं. ते होऊ द्यावं. मग मी फक्त एवढंच म्हटलं, "पहिल्या पानापासून रेघा सांगत चला." एकोणीस रेघा होत्या. मी त्या माझ्या प्रतीवर मारत गेले आणि एकदाही "पण काका, ते मी असं लिहिलं कारण" असं म्हटलं नाही. हे लिहायला सोपं आहे. चौथ्या रेघेला जीभ चावावी लागली, कारण ते माझं आवडतं वाक्य होतं. पण तुम्ही एकदा समर्थन केलंत की पुढच्या रेघा तो माणूस सांगतच नाही. "तशी विशेष काही नाही, राहू द्या" म्हणून मोकळा होतो.

नंतर एकोणीस रेघा घेऊन बसले. बारा ठिकाणी मी घातलेला एखादा पुस्तकी शब्द होता. 'वडिलांचे निधन झाले' शेजारी काकांनी, कारण लिहू नका म्हटलं असूनही, लिहिलं होतं: "आमच्यात गेले म्हणतात." तीन रेघा आईच्या संवादांवर होत्या. मी तिच्या तोंडी प्रमाण मराठी घातली होती आणि ती माउली शाळेची पायरी चढलेली नव्हती. उरलेल्या चार सगळ्यात मोलाच्या. त्या चारही जागी मी त्यांच्या मनातलं लिहिलं होतं, जे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. 'माझ्या मनात कालवाकालव झाली' हे त्यातलं एक. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. त्या जागी काका म्हणाले होते, "मग मी पाटी उचलली अन् कामाला लागलो." एवढंच. भावना मी भरली होती. त्या चार रेघांनी मला सांगितलं की हा माणूस मनातलं बोलत नाही, केलेलं सांगतो, आणि पुस्तकही तसंच हवं. उरलेली १२६ पानं मी त्या एका गोष्टीवर लिहिली. आता कल्पना करा, मी "भाषा आवडली का?" विचारलं असतं, तर 'कालवाकालव' शेवटपर्यंत राहिली असती, आणि काकांनी छापील पुस्तक हातात घेऊन म्हटलं असतं, चांगलं आहे, पण हे माझं नाही वाटत. तुम्ही जे 'पानं लागल्यावर मोठाले बदल' म्हणताय, ते पुष्कळदा हेच असतं. पहिल्या खर्ड्यालाच जे खुपलेलं असतं त्याला शब्द तेव्हा मिळत नाहीत.

नावांच्या यादीचं उत्तर फोनवर घेतलं नाही. घरात फोन स्पीकरवर असतो, कोण कोण ऐकतंय आपल्याला माहीत नसतं. यादीचं पान त्यांनी पाकिटात घालून परत पाठवलं. सतरातली चौदा नावं राहू द्या, एक बदला, दोन आधी दाखवा. बदलायचं नाव दुकानातल्या पहिल्या भागीदाराचं. माझ्या खर्ड्यात वाक्य होतं, 'भागीदाराने हिशेबात घोळ केला आणि आम्ही वेगळे झालो.' यादीत त्या नावासमोर काकांनी लिहिलं होतं: "हे खरं आहे. पण त्याची बायको अजून आमच्याकडं येती-जाती." भागीदार स्वतः कधीच वारले होते.

इथे नवख्या शब्दांकनकाराचा एक गैरसमज असतो, की माणूस गेला म्हणजे प्रश्न संपला. बदनामीच्या कायद्यात, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, मृत व्यक्तीवरचा आरोपही येऊ शकतो, जर तो तिच्या हयातीत बदनामीकारक ठरला असता आणि घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूनं केलेला असेल. काकांचा हेतू तसा नव्हता, हे उघड आहे. पण कोर्टापेक्षा जवळ त्याच्या बायकोचं ते येणं-जाणं होतं, आणि ते मला कुठल्याच बैठकीत कळलं नव्हतं. अकरा बैठकांत त्यांनी भागीदाराबद्दल मनमोकळं सांगितलं होतं, कारण ते मला सांगत होते. छापील पानावर ते वाचताना त्यांना ती बाई दिसली. हा फरक खर्डा हातात पडल्यावरच पडतो, म्हणून हा प्रश्न मुलाखतीत विचारून भागत नाही. वाक्य शेवटी असं झालं: 'हिशेबावरून आमचं जमेना, म्हणून वेगळे झालो.' नाव नाही. नुसतं नाव बदलून चाललं नसतं. एका गल्लीत, एका धंद्यात, १९८६ साली भागीदार एकच होता. गावात कुणालाही ओळखू आला असता.

आता तिसरा प्रश्न. पर्याय देताना दुसऱ्या पर्यायाचं अर्धं पान खरोखर लिहून दिलं होतं, हे लक्षात घ्या. "दुकानापासून सुरू करू का?" असं नुसतं विचारलं असतं तर त्यांना डोळ्यांपुढे काही आलं नसतं. लिहिलेलं अर्धं पान त्यांना वाचता आलं, आणि वाचल्यावर त्यांनी दोन्ही नाकारले. म्हणाले, "त्या कामावर खडी आई फोडायची. मी नुसत्या पाट्या उचलायचो. तुम्ही मलाच पुढं केलंय. आईपासून सुरू करा." मग सांगत बसले, की हातोडीनं आईचा अंगठा ठेचला होता आणि ती त्यावर चिंधी बांधून आठवडा पुरा करायची, कारण हजेरी चुकली तर मजुरी गेली. आठवडी मजुरीबरोबर सुकडी मिळायची ती ती पदराला बांधून घरी धाकट्यांना आणायची. यातलं एक अक्षर अकरा बैठकांत आलं नव्हतं. मी वाईट मुलाखतकार आहे असं नाही. माझे प्रश्न सगळे "तुम्ही काय करत होता" असे होते. चुकीची सुरुवात समोर दिसली तेव्हा त्यांना बरोबर आठवली.

पैसे देणाऱ्या मुलाचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच हवा, कारण शब्दांकनात क्लायंट बहुतेक वेळा दोन असतात: ज्याची गोष्ट तो, आणि ज्याचा चेक तो. दोघांना तेच तीन प्रश्न पाठवलेत तर सहा उत्तरं येतील आणि मध्ये तुम्ही सापडाल. मी आधीच वाटणी करून टाकते. आवाज, नावं आणि सुरुवात हे काकांचं. मुलाला वेगळा एकच प्रश्न: "पुस्तक कोणत्या कार्यक्रमात वाटायचं आहे आणि कुणाकुणाला?" त्याचं उत्तर आलं: आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, ३०० प्रती, निम्म्या नातेवाइकांना आणि निम्म्या व्यापारातल्या लोकांना. यावरून छपाईची तारीख पक्की झाली आणि शेवटच्या प्रकरणात दुकानाचं किती सांगायचं तेही ठरलं. अर्थात मी विचारलं नसताना त्यानं हेही लिहिलंच, "भाषा जरा दर्जेदार हवी, आणि खडी फोडायचं पहिल्याच पानावर नको." मी त्याच्याशी वाद घातला नाही. वडिलांची नागमोडी रेघ मारलेली तीन पानं आणि सुरुवातीचं त्यांचं वाक्य फोटो काढून पाठवलं, आणि लिहिलं की सुरुवात त्यांनी अशी सांगितली आहे, तुम्ही दोघं बोलून मला रविवारपर्यंत एकच काय ते कळवा. रविवारी दोन शब्द आले, "बाबा म्हणतील तसं." तो खूश नव्हता, हे प्रकाशनाच्या दिवशीही जाणवलं. सगळ्यांना खूश करणारा प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

महिनाभर उत्तरच येत नाही, याबद्दल. "कळवा" म्हटलं की कळवायचं ओझं त्याच्यावर पडतं. "गुरुवारी साडेआठला फोन करते" म्हटलं की माणूस बुधवारी वाचतोच. घरी पाहुणे आले तर कळवतो, पुढचा गुरुवार ठरतो. वाचायला मी सात ते दहा दिवस देते. तीन आठवडे दिले तर खर्डा टीव्हीखालच्या कप्प्यात जातो. आणि काही प्रश्नांना पत्रातच लिहून टाकता येतं: "अमुक तारखेपर्यंत काही कळलं नाही तर पहिली सुरुवात धरून पुढे जाते." सुरुवात, प्रकरणांचा क्रम, फोटो किती, यांना हे चालतं. नावांच्या यादीला कधीही चालत नाही. तिथे उत्तर येईपर्यंत मी पुढचं प्रकरण हातात घेत नाही, मग कितीही दिवस जावोत. करारातही मी आता तसं घालते: दोन दुरुस्ती-फेऱ्या मोबदल्यात धरलेल्या, नावांची यादी सहीनिशी परत आल्यावरच दुसरा हप्ता आणि दुसरा टप्पा.

फोन ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी मी सात-आठ ओळींची चिठ्ठी पाठवते, की तुम्ही सांगितल्यावरून मी अमुक करतेय, अमुक ठेवतेय. यात गैरसमज उघडे पडतात. एका बाईंनी मला "हा भाग जरा फुलवा" म्हटलं होतं, मी चिठ्ठीत लिहिलं की प्रसंग दोन पानांचा करते, तर त्यांचा लगेच फोन, "अहो लांबवू नका, फोटो टाका तिथे." फुलवा म्हणजे फोटो. मला कसं कळणार होतं?

हेच तीन प्रश्न उचलून दुसऱ्या कामाला लावू नका. मध्यंतरी ठिबक सिंचनाच्या सामानाचं चार पानी माहितीपत्रक लिहिलं, तिथे 'तुमचा आवाज' विचारून काय उपयोग? तिथल्या मालकाला मी विचारलं, "हे वाचून दुकानदार तुम्हाला पहिला प्रश्न कोणता विचारेल?" तो ताबडतोब म्हणाला, "फिल्टर कुणी साफ करायचा?" माहितीपत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता. आणि एका ओळीच्या घोषवाक्यासाठी तर प्रश्न विचारूच नयेत. तीन ओळी लिहून द्याव्यात, एक निवडू द्यावी.

दुसऱ्या खर्ड्याला काकांना मी एकच प्रश्न विचारला. सगळी १६० पानं दिली, पुन्हा पेन्सिल दिली, आणि लिहिलं, "जिथे वाचायचं थांबून चहा घ्यावासा वाटला तिथे फुली मारा." तीन फुल्या आल्या, तिन्ही बँकेच्या कर्जाच्या प्रकरणात. ते प्रकरण अकरा पानांवरून पाचवर आलं.